सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, हप्ता मात्र आठ लाखांचा: असं का होतं आणि आधी काय करायचं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पारोळ्याहून दाजींचा फोन आला. भाच्याचं इंजिनिअरिंग पुण्याला झालं, नोकरी लागून वर्ष होत आलं, आणि बँकेचा मेसेज आला होता की ५ ऑगस्टपासून कर्जाचा हप्ता सुरू, रक्कम १०,७०४ रुपये. दाजींनी जवळपास पाच वर्षांपूर्वी डायरीत ७,९२९ लिहून ठेवले होते. कर्ज घेताना मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये सहा लाख, दहा टक्के, दहा वर्षं असं टाकून त्यांनीच तो आकडा काढला होता. त्यांचा प्रश्न अहिराणीत आणि थेट होता: "आपन ते सहा लाखच लिधात ना?"

दाजी शाळेत सातवीला सरळव्याज शिकवतात. म्हणजे गणित येत नाही म्हणून चूक झाली असं नव्हतं. चूक एवढीच होती की ज्या रकमेवर हप्ता बसतो ती रक्कम सहा लाख नव्हतीच. मी धुळ्याला बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी हाच प्रश्न घेऊन माणसं टेबलासमोर बसायची. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतो. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याने निदान पुढची आकडेमोड तरी स्वतः करून बघावी.

आधी मूळ गोष्ट. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत. याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. घरी आपण त्याचा अर्थ "तोपर्यंत काही लागत नाही" असा लावतो. प्रत्यक्षात थांबलेली असते ती फक्त वसुली. व्याज पहिला चेक कॉलेजच्या खात्यात गेला त्या दिवसापासून चालू असतं. सरकारी बँका ज्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे कर्ज देतात, तिच्यात या काळात साधं व्याज लावायचं, विद्यार्थ्याला हवं तर त्याने ते भरावं, आणि न भरल्यास हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवायचं, अशी पद्धत आहे. हे मिळवणं एका ठरलेल्या दिवशी होतं. तो दिवस नीट ओळखता आला तर निम्मं काम झालं.

पहिलं काम: प्रत्येक वर्षीची उचल वेगळी लिहा

सहा लाख एकदम मिळत नाहीत. फी भरायच्या वेळी दरवर्षी एक भाग सुटतो. भाच्याच्या कर्जात दर ऑगस्टला दीड लाख, असे चार वेळा सुटले. चौथं वर्ष संपलं, मग एक वर्षाची सवलत, आणि पहिल्या चेकनंतर बरोबर पाच वर्षांनी हप्ता सुरू. म्हणजे पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज चढलं, दुसऱ्यावर चार वर्षांचं, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. दर सोयीसाठी सबंध काळ दहा टक्के धरतो. खरा दर मधे बदलतो, कारण बहुतेक बँकांचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेला असतो.

दीड लाखाचं वर्षाचं व्याज पंधरा हजार. तर:

पहिली उचल: ७५,०००
दुसरी उचल: ६०,०००
तिसरी उचल: ४५,०००
चौथी उचल: ३०,०००

बेरीज २,१०,०००. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणं ८,१०,००० झालं, आणि बँकेने हप्ता त्यावर बसवला. दहा टक्के दराने दहा वर्षांसाठी दर लाखाला हप्ता साधारण १,३२१ रुपये ५० पैसे पडतो. सहा लाखाला ७,९२९, आणि आठ लाख दहा हजाराला १०,७०४. मेसेजमधला आकडा बरोबर होता. दाजींचा आकडाही बरोबर होता, फक्त चुकीच्या रकमेचा.

कुणाला स्वतः काढायचा असेल तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एवढं टाका:

```
=PMT(10%/12,120,-810000)
```

दर, महिने आणि रक्कम तेवढी बदलायची.

या फरकाकडे मी दाजींना जरा वेगळ्या बाजूने बघायला लावलं. महिन्याला २,७७५ रुपये जास्त, ते १२० महिने. म्हणजे साधारण ३ लाख ३३ हजार. साठलेलं व्याज होतं २ लाख १० हजार. ते एकदा मुद्दलात गेलं की त्यालाही मुद्दलासारखंच व्याज लागतं, आणि दहा वर्षांत ते एवढं वाढतं.

दुसरं काम: व्याज साधं आहे की चक्रवाढ, हे उताऱ्यावरून ओळखा

हे इतकं महत्त्वाचं आहे की मंजुरीपत्र मिळाल्या दिवशीच बघायला हवं, पण बघतं कोण. पत्रात "मोरॅटोरियम काळात साधे व्याज" असं लिहिलेलं असेल तर वरचा हिशोब लागू. काही खाजगी वित्त कंपन्या मात्र शिक्षणाच्या काळातही दर महिन्याचं व्याज मुद्दलात टाकत जातात, किंवा त्यातलं काही दर महिन्याला भरायला लावतात. महिन्याला मुद्दलात टाकत गेलं तर भाच्याच्याच उचलींवर पाच वर्षांनी ८,१०,००० ऐवजी साधारण ८,५५,००० देणं होतं आणि हप्ता ११,३०० च्या पुढे जातो.

पत्र हाताशी नसेल तर खातेउतारा काढा आणि दोन उचलींच्या मधले महिने बघा. पहिल्या वर्षी मुद्दल दीड लाख आहे. दहा टक्क्यांनी ३१ दिवसांच्या महिन्याचं व्याज १,२७४ रुपये, ३० दिवसांचं १,२३३, फेब्रुवारीचं १,१५१. ऑक्टोबरला १,२७४ आणि पुढच्या जुलैलाही १,२७४ च असेल, तर व्याज साधं आहे. जुलैचा आकडा चौदाशेच्या आसपास गेला असेल आणि मधे ना नवी उचल, ना दरवाढ, तर व्याजावर व्याज चालू आहे.

यात एक फसगत होते. उताऱ्यातली शिल्लक दर महिन्याला वाढताना दिसली म्हणून चक्रवाढ आहे असं समजू नका. काही बँकांच्या प्रणालीत व्याज खात्यात टाकलेलं दिसतं, पण पुढचं व्याज फक्त मूळ उचलीवरच मोजतात. म्हणून शिल्लक न बघता व्याजाची नोंद बघायची.

याच्या उलट प्रकार भाच्याचा झाला. त्याच्या बँकेत व्याज आतल्या आत मोजलं जात होतं, खात्यात नोंद पडत नव्हती. बँकेच्या ॲपवर चार वर्षं उचलीएवढीच रक्कम दिसायची. शेवटी सहा लाख, आणि ते सहा लाखच राहिले. पोरगा दर दोन महिन्यांनी ॲप उघडून बघायचा आणि निश्चिंत व्हायचा. असं असेल तर शाखेत जाऊन एकच विचारायचं: "आजपर्यंत जमा झालेलं, पण न लावलेलं व्याज किती?" लेखी मागा. ते देतात.

तिसरं काम: मुदतीच्या दोन तारखा

मंजुरीपत्रात कोर्स संपण्याची तारीख आणि हप्ता सुरू होण्याची तारीख शोधा. बँक कोर्स संपण्याची तारीख त्या पत्रावरूनच धरते. पोराचा निकाल कधी लागला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. भाच्याच्या एका मित्राला वायडी लागली, एक वर्ष वाढलं, आणि घरच्यांनी बँकेला कळवलंच नाही. पोरगा अजून शेवटच्या वर्षात आणि इकडे हप्ता थकल्याचे मेसेज सुरू. कॉलेजचं पत्र देऊन अर्ज केला तर बँक मुदत वाढवू शकते, पण तो अर्ज हप्ता सुरू व्हायच्या आधी पोचला पाहिजे. आणि वाढीव वर्षाचंही व्याज चढतंच; सहा लाखावर ते साठ हजार होतं.

शिवाय, परतफेडीची दहा वर्षं ही सवलतीचा काळ सोडून आहेत की धरून, तेही बघा. आदर्श योजनेत ती सवलतीनंतर मोजतात आणि पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकतात. पण एखाद्या करारात एकूण मुदतच १२० महिने लिहिली असेल आणि त्यातले ६० शिक्षणात गेले असतील, तर उरलेल्या ६० महिन्यांत फेडायचं म्हणजे हप्ता १७,२१० रुपये. हा धक्का नुसत्या व्याजाच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठा.

चौथं काम: व्याज कधी भरायचं

इथे मी बँकेत सगळ्यांना सांगायचो त्यापेक्षा जरा वेगळं सांगणार आहे. आम्ही टेबलावरून सरसकट म्हणायचो, "व्याज दर महिन्याला भरत चला." ते चूक नाही, पण पूर्ण खरंही नाही.

साधं व्याज असेल तर साठलेलं व्याज मुद्दलात जाईपर्यंत त्यावर एक पैसाही व्याज लागत नाही. आज भरलेले दहा हजार आणि मुद्दलात मिळवण्याच्या आदल्या दिवशी भरलेले दहा हजार, दोघांचा परिणाम हप्त्यावर सारखाच. ज्याच्या हातात पैसा कापूस विकल्यावर किंवा केळीचा घड गेल्यावरच येतो, त्याने दर महिन्याला ओढाताण करून भरायची गरज नाही. हंगामाला पैसे आले की ठेव पावती करून ठेवावी, आणि शेवटी एकदम भरावे. ठेवीचं व्याज वर आपल्याला.

दर महिन्याला भरण्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला बँक दरात एक टक्का सूट देऊ शकते. सगळ्या बँका देत नाहीत, आणि एखादा महिना चुकला तर सूट जाऊ शकते, म्हणून लेखी विचारा. भाच्याच्या कर्जात ही सूट पाच वर्षांत २१,००० रुपये झाली असती. दर महिन्याला व्याज भरायचं तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, मग २,५००, मग ३,७५०, आणि शेवटची दोन वर्षं ५,०००. तेच पैसे ठेवीत टाकले आणि सहा टक्के मिळाले असं धरलं, तर ठेवीचं व्याज साधारण २४,००० होतं. म्हणजे सुटीचा आणि ठेवीचा फायदा जवळपास बरोबरीत.

मग ठरवायचं कशावर? दुसऱ्या गोष्टीवर. ठेवलेला पैसा ठेवलेलाच राहील का? आपल्याकडे घरात लग्न निघतं, बोअर आटतो, बियाणं-खत येतं, आणि पावती मोडली जाते. दाजींची दोनदा मोडली. ज्याच्याकडे पैसा टिकत नाही त्याने दर महिन्याला बँकेतच भरावा. एकदा भरला की तो परत काढता येत नाही, हाच त्याचा गुण.

व्याज चक्रवाढ असेल तर मात्र हा सगळा युक्तिवाद सोडा आणि पहिल्या महिन्यापासून भरा. तिथे थांबायची किंमत रोज चढते.

पैसे भरताना एक काळजी. कर्जखात्यात नुसते पैसे टाकले तर ते कुठे धरले जातात हे आधी विचारा. साधारणपणे आधी व्याजाला आणि उरले तर मुद्दलाला जातात. जमलेल्या व्याजापेक्षा जास्त भरत असाल तर जास्तीची रक्कम मुद्दल कमी करते, आणि ती मात्र जितकी लवकर भराल तितका फायदा. पावतीवर "शिक्षणकाळातील व्याज" असं लिहून घ्या. पुढे आकडा जुळला नाही तर हाच कागद कामाला येतो.

अनुदान लागू असेल तर

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत सवलतीच्या काळाचं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, याच काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. दाजींचा पगार पहिल्या मर्यादेच्या वर, आणि कर्ज दुसरी योजना यायच्या आधीचं, म्हणून भाच्याला दोन्ही नाही. पण ज्यांना लागू आहे त्यांनी दाखला देऊन गप्प बसू नये. दावा बँकेला लावावा लागतो, आणि पैसे जमा झाले की नाही ते उताऱ्यात दिसतं. हप्ता अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि तुम्ही अनुदानाला पात्र होता, तर आधी हीच नोंद शोधा.

शेवटच्या सहा आठवड्यांत काय केलं

दाजींचा फोन आला तेव्हा ५ ऑगस्टला सहा आठवडे होते. पेरणी नुकतीच झालेली, कापसाचा पैसा केव्हाच संपलेला. दाजी म्हणाले, आता काय उपयोग. मी म्हटलं, ५ ऑगस्टपर्यंत साठलेलं व्याज झोपलेलं आहे. त्या दिवशी ते जागं होणार आणि २ लाख १० हजारावर दिवसाला ५७-५८ रुपये मागायला लागणार. त्याआधी जमेल तेवढं भरू.

भाच्याने वर्षभराच्या पगारातून ६५,००० बाजूला टाकले होते. ताईने एक आवर्ती ठेव मोडली, त्यातून ३५,००० आले. एक लाख भरले, १ ऑगस्टला. तारखेच्या चार दिवस आधी एवढ्यासाठी, की मधे सुटी आली किंवा पैसे दुसरीकडे अडकले तर वेळ राहावा. मग व्यवस्थापकांना भेटून हप्ता नव्याने बसवून घेतला. हे सांगावं लागतं. न सांगता भरलं की बरेचदा प्रणालीत आधी ठरलेला हप्ता तसाच चालू राहतो आणि फक्त मुदत कमी होते. त्यातही तोटा नाही, उलट एकूण व्याज कमी जातं, पण ज्याला महिन्याचा भार कमी हवा आहे त्याचं काम होत नाही.

देणं ७,१०,००० राहिलं आणि हप्ता ९,३८३ झाला. महिन्याला १,३२१ कमी, म्हणजे दहा वर्षांत १ लाख ५८ हजार, एक लाख भरल्याबद्दल.

शाखेतल्या मुलाने दुसरा मार्गही सुचवला होता: मुदत पंधरा वर्षं करा. आठ लाख दहा हजारावर तसं केलं तर हप्ता ८,७०४ वर येतो आणि दाजींच्या डायरीतल्या आकड्याजवळ जातो. पण एकूण भरणा दहा वर्षांच्या तुलनेत २ लाख ८२ हजारांनी वाढतो. पगार खरंच पुरत नसेल तर तेही करावं, हप्ता थकून सिबिल बिघडण्यापेक्षा बरं. आणि व्यक्तीच्या बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो, त्यामुळे लांब मुदत घेऊन मधे जास्त भरता येतं. भाच्याला मी नको म्हटलं, कारण मधे जास्त भरणारे लोक मी फार कमी पाहिले.

एक बारीक गोष्ट राहिली. भाच्याचा पगार ७ तारखेला होतो आणि हप्ता ५ तारखेला. तो १० तारखेला करून घेतला. त्यामुळे पहिला हप्ता १० सप्टेंबरला गेला आणि ५ ऑगस्टपासूनचे ३६ दिवस झाले. त्यातल्या वाढीव दिवसांचं व्याज, साधारण हजार रुपये, पहिल्याच वेळी वेगळं कापलं गेलं. भाच्याचा लगेच मेसेज: "मामा, परत जास्त कापले." या खेपेला त्याला उताऱ्यातल्या तारखा मोजायला सांगितल्या. त्याने मोजल्या आणि पुढच्या महिन्याचा आकडा स्वतःच काढून पाठवला: ९,३८३, त्यातले व्याजाला साधारण ५,९०० आणि मुद्दलाला ३,५०० च्या आत. दाजींनी तो डायरीत लिहून घेतला आणि आधीच्या ७,९२९ वर आडवी रेघ मारली.